घमेलं भरलेलं, टरफल तरी पातळ

प्रश्न: दर्यापूर तालुक्यात ३०० ब्राऊन लेअर आहेत, गादी पद्धत, वय ६२ आठवडे. एप्रिल संपता संपता रोजच्या २००–२१० अंड्यांत १५–२० पातळ टरफलाची निघू लागली. सकाळी दांड्यांखाली तीन-चार तर नुसती पिशवीसारखी मऊ सापडतात. दोन कोंबड्या बसूनच आहेत. शेलग्रिटचं घमेलं कायम भरलेलं असतं, कॅल्शियमचं लिक्विड आठ दिवस दिलं, फरक नाही. खाद्य महागलं म्हणून लेअर मॅशमध्ये मका भरडा मिसळतो, १०० किलोत ३० किलो. नेमकं कमी कशाचं पडतंय?

उत्तर:

आधी मका बंद करा, बाकीचं मग बघू. एकटा मका दोषी नाही. उन्हाळा, वय आणि ग्रिट देण्याची वेळ या तिन्ही गोष्टी सोबत आहेत. पण तुमच्या हातात असलेली आणि आठवड्यात फरक दाखवणारी गोष्ट मकाच आहे.

हिशेब असा. ६०–६५ ग्रॅमच्या अंड्याचं टरफल साधारण साडेपाच ते सहा ग्रॅम भरतं आणि ते जवळजवळ सगळं कॅल्शियम कार्बोनेट असतं. म्हणजे प्रत्येक अंड्यामागे कोंबडीच्या अंगातून सव्वादोन ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम बाहेर जातं. खाल्लेल्या कॅल्शियमपैकी आतड्यातून रक्तात उतरतं साधारण निम्मं. म्हणून अंड्यावरच्या कोंबडीच्या पोटात रोज चार ते साडेचार ग्रॅम कॅल्शियम गेलं पाहिजे, आणि तुमच्या वयाच्या पक्ष्यांना साडेचार धरूनच चालावं. चांगल्या लेअर मॅशमध्ये ३.८ टक्क्यांच्या आसपास कॅल्शियम असतं (गोणीच्या लेबलवर बघून घ्या). कोंबडीने दिवसाला ११२ ग्रॅम खाल्लं की ४.२५ ग्रॅम मिळतं. ग्रिटची थोडी जोड दिली की भागतं.

आता तुमच्या शेडमधलं बघा. मक्यात कॅल्शियम नावालाच असतं, शंभर ग्रॅममागे दोन-तीन शतांश ग्रॅम. ७० किलो मॅशमध्ये ३० किलो मका पडला की मिश्रणातलं कॅल्शियम ३.८ वरून २.७ टक्क्यांच्या खाली येतं. त्यात मे महिना. दुपारी ४३–४४ अंशांत कोंबडी ११२ ग्रॅम खातच नाही, ९०–९५ वर थांबते. ९२ ग्रॅम धरले तर पोटात गेलं २.४५ ग्रॅम. त्यातलं निम्मं रक्तात उतरलं तर सव्वा ग्रॅम सुद्धा होत नाही, आणि टरफलाला हवं सव्वादोन. तूट पडली की आतडं थोडं जास्त शोषून घेतं, पण दुपटीने नाही. उरलेलं ती हाडांतून काढते.

तुमच्या बसून राहिलेल्या दोन कोंबड्यांचं कोडं इथेच सुटतं. पहिलं अंडं घालायच्या दोनेक आठवडे आधी तलंगेच्या लांब हाडांच्या पोकळीत एक खास, भुसभुशीत हाड तयार होतं. ही टरफलासाठीची गंगाजळी. रात्री आतड्यात कॅल्शियम संपलं की ती इथून उचलते आणि दिवसा खाल्लेल्यातून परत भरते. रोजचं भरणं कमी पडत गेलं की ही गंगाजळी आटते आणि मग खरं हाड झिजायला लागतं. पाय टेकवत नाही, बरगड्या वाकड्या लागतात, धरताना मांडीचं हाड कट्कन मोडतं. या दोघींना आजच वेगळ्या करा, खाली जाड तूस टाका, पाणी आणि खाद्य तोंडापाशी ठेवा आणि बाजूला थोडं ग्रिट. हाड मोडलेलं नसेल तर चार-आठ दिवसांत उठतात. आठवड्यात उठल्या नाहीत तर वाट बघू नका.

माझे आकडे अंदाजाचे आहेत, तुमचे खरे काढा. तीन दिवस सकाळी खाद्य तोलून घाला, दुसऱ्या सकाळी भांड्यात उरलेलं तोला आणि फरकाला पक्ष्यांच्या संख्येने भागा. त्या आकड्याला मिश्रणाच्या कॅल्शियमच्या टक्क्याने गुणलं की झालं. गादीवर सांडलेलं मात्र यात खाल्लेलं म्हणून मोजलं जातं. भांडी तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त भरत असाल तर खरा आकडा आणखी कमी समजा.

मका काढताना एका दिवसात काढू नका. ३० वरून २०, मग १०, मग शून्य, असं चार-पाच दिवसांत उतरवा. कोणी म्हणेल, मका राहू दे, ग्रिट वाढवतो. कॅल्शियमची वजाबाकी तशी भरूनही निघेल. पण मॅशसोबत त्यातलं फॉस्फरस, डी-३ जीवनसत्त्व आणि प्रथिनंही पातळ झाली आहेत, ती ग्रिटमधून येत नाहीत. डी-३ नसेल तर कॅल्शियम आतड्यातून रक्तात उतरत नाही, तसंच विष्ठेतून निघून जातं. मका वापरायचाच असेल तर त्यासाठी बनवलेलं लेअर कॉन्सन्ट्रेट मिळतं. त्याच्या गोणीवर मका किती मिसळायचा ते लिहिलेलं असतं आणि त्या प्रमाणात सगळं बसवलेलं असतं. तयार मॅश मात्र आधीच मका घालून पूर्ण केलेला असतो, त्यात आणखी मका म्हणजे दुधात पाणी. रोज तुम्ही सव्वाआठ किलो मॅशच्या जागी मका घालताय. भावातल्या फरकाने सव्वाआठला गुणा आणि समोर रोजची फुकट जाणारी १५–२० अंडी मांडा. बचत किती राहते ते दिसेल.

आता घमेल्याकडे. ३०० पक्ष्यांत एकच घमेलं असेल तर ते कायम भरलेलं दिसणं ही चांगली खूण नाही, कोणी खात नाही असाच त्याचा अर्थ निघतो. दबंग कोंबड्या घमेल्याभोवती उभ्या राहतात, मागच्यांना जागा मिळत नाही. वर गादीची धूळ आणि विष्ठा बसली की कोणीच तोंड लावत नाही. घमेलं ठेवा हवं तर, पण भरवसा त्यावर ठेवू नका.

भरवसा ठेवायचा तो संध्याकाळच्या ग्रिटवर, आणि ही वेळ का महत्त्वाची ते समजून घेण्यासारखं आहे. अंडं एका दिवसापेक्षा थोड्या जास्त वेळात बनतं. सकाळी अंडं घातलं की अर्ध्या-पाऊण तासात पुढचा बलक सुटतो. पांढरा भाग चढायला तीनेक तास, आतलं पातळ पापुद्र्याचं अस्तर चढायला तास-सव्वा तास, आणि दुपारपर्यंत ते अंडं टरफलाच्या पिशवीत येऊन थांबतं. तिथे ते अठरा-वीस तास असतं. पहिले काही तास सावकाश जातात. कवच खरं बसतं ते दिवेलागणीपासून पहाटेपर्यंत. म्हणजे कॅल्शियमची सगळ्यात मोठी ओढ अशा वेळी असते जेव्हा कोंबडी दांडीवर झोपलेली असते आणि खात नसते.

चुनखडीची पूड दोन-तीन तासांत पोटातून पुढे सरकते. सकाळी खाल्लेल्या मॅशमधली पूड रात्री टरफलाच्या कामी येत नाही. दोन ते चार मिलिमीटरचे शिंपल्याचे तुकडे मात्र दगडीत, म्हणजे दाणे दळणाऱ्या पोटात, अडकून राहतात आणि रात्रभर हळूहळू विरघळत राहतात. म्हणून संध्याकाळी जाड ग्रिट पोटात गेलं की रात्रीची ओढ हाडांवर न पडता बरीचशी पोटातून भागते. कोंबडीलाही हे कळतं. संध्याकाळी चारनंतर अंड्यावरची कोंबडी मुद्दाम चुन्याचे कण टिपते. त्या वेळी खाद्याची भांडी रिकामी असतील तर दिवसभर काय खाल्लं याला फारसा अर्थ राहत नाही.

तुमच्यासाठी मोजमाप: मका निघाल्यावर ९५ ग्रॅम खाद्यातून ३.६ ग्रॅम कॅल्शियम मिळेल. साडेचारला ०.९ ग्रॅम कमी. शिंपल्यात ३७ टक्क्यांच्या आसपास कॅल्शियम असतं, म्हणजे पक्ष्यामागे अडीच ग्रॅम ग्रिट, ३०० पक्ष्यांना ७५० ग्रॅम. हे रोज साडेचार-पाचला भांड्यांत ताज्या खाद्यावर पसरून टाका, सगळ्या भांड्यांत सारखं. मका उतरवतानाचे चार-पाच दिवस दीड किलोपर्यंत चालेल. त्यापुढे कायम जास्त टाकलं म्हणून टरफल जाड होत नाही. एकूण खाद्यात पाच टक्क्यांच्या वर कॅल्शियम गेलं की कोंबडी खाद्य कमी करते आणि अंड्यांच्या टोकाला खडूचे बारीक दाणे यायला लागतात. तसे दाणे दिसले तर मात्रा उतरवायची.

ग्रिट म्हणून काय विकत घेताय तेही एकदा तपासा. आपल्याकडे ग्रिट या एका नावाखाली तीन वेगळ्या वस्तू मिळतात. एक शिंपल्याचा चुरा, दुसरी संगमरवराची चुरी आणि तिसरी नुसती दगडी खडी. खडी दाणे दळायला उपयोगी, तिच्यात कॅल्शियम नाही. संगमरवराची चुरी चालते, पण काही खाणींचा संगमरवर डोलोमाइटचा असतो. त्यात मॅग्नेशियम भरपूर असतं, ते कॅल्शियमच्या आड येतं आणि विष्ठाही पातळ करतं. किनाऱ्यावरून आलेल्या चुऱ्यात वाळू येते आणि मीठही, ते धुऊन घ्यावं.

घरी करण्यासारखी परीक्षा: पाच ग्रॅम चुरा खलबत्त्यात बारीक कुटा, काचेच्या बरणीत पाव लिटर व्हिनेगरमध्ये टाका आणि अधूनमधून हलवत दिवसभर ठेवा. शिंपला असेल तर लगेच फसफसतो आणि शेवटी तळाशी जवळपास काही उरत नाही, फार तर शिंपल्याचे पातळ पापुद्रे तरंगतात. तळाशी जे करकरीत उरेल ती वाळू. ती वाळवून तोला. अर्धा ग्रॅम निघाली तर तुम्ही दर दहा किलोत एक किलो वाळूचे पैसे देताय. डोलोमाइट थंड व्हिनेगरमध्ये आळसावल्यासारखा बुडबुडे सोडतो आणि संध्याकाळपर्यंत बराचसा तसाच दिसतो.

लिक्विडचा फरक का पडला नाही, हेही आकड्यांतच आहे. बाटलीच्या मागे १०० मिलीमध्ये किती कॅल्शियम ते वाचा आणि पक्ष्यांना किती मिली देता त्याने हिशेब करा. समजा १०० मिलीत तीन ग्रॅम आहे आणि १०० पक्ष्यांना ५० मिली देता, तर एका कोंबडीच्या वाट्याला आलं दीड शतांश ग्रॅम. तूट ग्रॅममध्ये आहे, बाटली मिलिग्रॅममध्ये देते. लिक्विडमध्ये डी-३ असेल तर त्याचा काही दिवस उपयोग होऊ शकतो, पण कॅल्शियम म्हणून ते पकडू नका. चुन्याच्या निवळीची गत तीच. एक लिटर निवळीत एक ग्रॅम सुद्धा कॅल्शियम विरघळत नाही, कोंबडी पाव लिटर प्यायली तरी पाव ग्रॅमही नाही. शिवाय ती तीव्र अल्कधर्मी असल्याने पक्षी पाणीच कमी पितात, आणि मे महिन्यात पाणी कमी पिणं म्हणजे खाद्यही कमी. अंड्याची वाया गेलेली टरफलं मात्र भाजून, गव्हाच्या दलियाएवढी भरड करून दिलीत तर चांगला ग्रिट होतो. पण ३०० पक्ष्यांना पुरेल एवढी घरात निघत नाहीत.

आता ऊन. उन्हाळ्यात टरफल पातळ होण्याचं अर्धं कारण कमी खाणं, ते वर आलं. दुसरं अर्धं धापेत आहे. कोंबडीला घाम येत नाही. ३०–३२ अंशांच्या पुढे ती चोच उघडून धापा टाकते आणि त्यात रक्तातला कार्बन डायऑक्साइड भराभर बाहेर जातो. टरफल म्हणजे कॅल्शियम आणि कार्बोनेट, आणि हे कार्बोनेट याच वायूपासून बनतं. म्हणून कॅल्शियम पुरेसं असलं तरी दुपारभर धापलेल्या कोंबडीच्या टरफलाचा दुसरा घटक कमी पडतो. सगळं खाद्य-ग्रिट नीट करूनही मेमध्ये मार्चसारखं टरफल येणार नाही, हे आधीच धरून चला.

तुमच्याकडे मेमध्ये पावणेसहाच्या सुमारास उजाडतं आणि सातच्या आसपास मावळतं. दिवे पहाटे चारला लावा आणि रात्री आठला बंद करा, म्हणजे सोळा तास होतात. खाद्य पहाटे चार ते नऊ आणि संध्याकाळी पाचनंतर, दुपारी भांडी रिकामी असली तरी चालतील. दुपारी भरल्या पोटी अन्न पचवण्याची उष्णता अंगात वाढते. आणखी एक उपाय फक्त कडक उन्हाळ्यापुरता: रात्री बारा ते एक तासभर दिवे लावून खाद्य-पाणी द्यायचं. थंड हवेत पक्षी खातात, आणि ऐन कवच बसण्याच्या वेळेला पोटात कॅल्शियम पडतं. आठपासून बारापर्यंत आणि एकपासून चारपर्यंत अंधार अखंड ठेवा, तो मोडला तर अंडी घालण्याच्या वेळा बिघडतात. पाऊस लागल्यावर हा तास एकदम तोडू नका, दर तीन-चार दिवसांनी पंधरा मिनिटं कमी करत जा.

पाण्याबद्दल तुम्ही काही लिहिलं नाही, पण दर्यापूर म्हणजे पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातला तालुका. बोअरचं पाणी खारट असेल तर ते स्वतःच टरफल पातळ करू शकतं, खाद्यातलं कॅल्शियम बरोबर असलं तरी. इथे अनेकांचा घोटाळा होतो. उन्हाळ्यासाठी खायचा सोडा द्या म्हणून सगळीकडे सांगतात आणि तो उपयोगी आहेही, कारण धापेत गेलेलं बायकार्बोनेट थोडं भरून निघतं. पण पाण्यात आधीच मीठ असताना वरून सोडा टाकला की सोडियम जास्त होऊन विष्ठा पातळ होते आणि गादी ओली. स्वतः खाद्य बनवणाऱ्याने टनाला साडेतीन किलो मीठ घालत असेल तर ते दोन किलोवर आणावं आणि दोन किलो सोडा घालावा. सोडियम तेवढंच राहतं, क्लोराइड कमी होतं. तयार मॅशमधलं मीठ तुम्हाला काढता येत नाही, म्हणून तुम्ही सोडा टाकू नका, पाणी बदला. नळाचं किंवा गोडं पाणी निदान पिण्यापुरतं आणा आणि टाकी सावलीत घ्या. काळ्या टाकीतलं दुपारचं पाणी हात पोळेल इतकं तापलेलं असतं, ते कोंबडी पीत नाही.

वयाचा भाग थोडक्यात. तुमच्या कोंबड्यांची टरफलाची क्षमता ६२ व्या आठवड्यात फारशी घटलेली नसते. अंडं मोठं झालेलं असतं. अठ्ठावीस आठवड्यांची कोंबडी ५६ ग्रॅमच्या अंड्यावर जवळपास साडेपाच ग्रॅम टरफल चढवते, तुमची ६४ ग्रॅमच्या अंड्यावर तेवढंच किंवा जरासं जास्त. तीच कणीक मोठ्या पोळीवर लाटली की पातळ होणारच. त्यात आतडं पहिल्याइतकं शोषत नाही. म्हणून पन्नास आठवड्यांनंतर अंडं आणखी मोठं करण्याच्या नादात तेल, शेंगदाणा ढेप वगैरे वरून देऊ नये, आणि कॅल्शियमचा जाड हिस्सा वाढवत न्यावा. खाद्य बनवणारे तरुण पक्ष्यांना निम्मी पूड आणि निम्मे तुकडे ठेवतात, पुढे तुकडे दोन-तृतीयांशापर्यंत नेतात. दुसऱ्या टोकाला, नुकत्या अंड्यावर आलेल्या तलंगांची पहिली काही अंडी मऊ येतात ती पिशवी अजून सरावलेली नसते म्हणून. ती दोन-तीन आठवड्यांत आपोआप थांबतात. पण त्यांना लवकर मजबूत करायचं म्हणून दहा-बारा आठवड्यांपासून लेअर मॅश सुरू करू नका. तेवढं कॅल्शियम कोवळी मूत्रपिंडं झेलत नाहीत, आणि नुकसान महिन्यांनी मरतुकीत दिसतं. सोळा-सतरा आठवड्यांपासून पहिल्या अंड्यापर्यंत दोन-अडीच टक्क्यांचं प्री-लेअर खाद्य, मग लेअर मॅश.

दांड्यांखालची मऊ अंडी मी वेगळी मोजायला सांगेन. पातळ टरफलाचं अंडं म्हणजे माल कमी पडला. पापुद्र्यात नुसता बलक-पांढरं असलेलं अंडं बहुतेक वेळा वेळेआधी बाहेर पडलेलं असतं. टरफल बसण्याआधीच पिशवीने ते ढकलून दिलेलं असतं, म्हणून ते रात्री, दांडीवर बसल्या बसल्या पडतं. कोंबडी रात्री दचकली की असं होतं. मांजर, मुंगूस, शेडवर पडलेला नारळाचा झाप, वरातीचा डीजे, रात्रीची पक्षीधरणी, जंत पाडायच्या औषधासाठी संध्याकाळी केलेली पळापळ. उलटही होतं: घाबरलेली कोंबडी अंडं अडकवून धरते आणि मागून येणारं अंडं त्याला टेकतं. मग एका अंड्याची बाजू चपटी निघते, किंवा कमरेला वळी पडून पुन्हा सांधलेली दिसते, किंवा तपकिरी टरफलावर पिठासारखा पांढरा थर येतो. अशी चपटी, वळी पडलेली, पिठाळ अंडी मऊ अंड्यांच्या जोडीने दिसत असतील तर रात्री शेडमध्ये काय होतं ते शोधा. ती अजिबात नसतील आणि फक्त पातळ-मऊ असतील तर कॅल्शियमच. मऊ अंड्यांचा खरा आकडा तुम्हाला दिसतो त्याहून जास्त असतो, कारण पहाटे कोंबड्याच ती फोडून खातात. दांड्यांखाली गादीवर पिवळे चिकट डाग आणि कोंबड्यांच्या चोचीला लागलेला बलक बघा. ही सवय लागली की मग चांगली अंडीही फोडतात, म्हणून उजाडायच्या आत ती उचला.

एक औषध या यादीत आवर्जून: सल्फा. खोकला किंवा रक्ती हगवणीसाठी सल्फा गटातलं औषध दिलं असेल तर ते टरफल बनवणाऱ्या विकरालाच अडवतं आणि मऊ अंडी देतं. बंद केल्यावर काही दिवसांत थांबतं. अशी औषधं अंड्यावरच्या पक्ष्यांना पशुवैद्यकाला विचारल्याशिवाय देऊच नयेत, अंड्यात त्यांचा अंशही उतरतो.

उपाय लागू पडतोय का ते नजरेने ठरवू नका. आज दहा अंडी उचला, प्रत्येक तोला, फोडा, टरफल आतून धुवा, दोन दिवस सावलीत वाळवा आणि सोनाराच्या काट्यावर तोला. टरफलाचं वजन भागिले अंड्याचं वजन. नऊ टक्क्यांच्या आसपास असेल तर ठीक, आठच्या खाली असेल तर ट्रेमध्ये तडकणारच. दहा दिवसांनी पुन्हा दहा अंडी. मका काढून, संध्याकाळचं ग्रिट लावून चार ते सात दिवसांत मऊ अंडी कमी व्हायला हवीत, आणि दहाव्या दिवशी हा आकडा निदान अर्ध्या टक्क्याने वर सरकायला हवा. कळपात दोन-तीन कोंबड्या अशा निघतील ज्यांची अंडी काही केल्या सुधारत नाहीत. त्यांची पिशवीच बिघडलेली असते, त्या विक्रीला काढायच्या. ३०० पक्ष्यांत रोज एक-दोन मऊ अंडी या वयात राहिली तर त्यामागे धावू नका.

दहा दिवसांत काहीच हललं नाही तर मग आजाराकडे बघा. एग ड्रॉप सिंड्रोममध्ये कोंबड्या दिसायला ठणठणीत असतात, पण आठवड्याभरात अंडी धाडकन उतरतात, तपकिरी टरफलाचा रंग फिका पडतो आणि मऊ-बिनटरफलाची अंडी रोज वाढतात. इन्फेक्शियस ब्रॉंकायटिसमध्ये शिंका आणि घरघर असते, टरफल सुरकुतलेलं आणि ताटलीत फोडलं की पांढरं पाण्यासारखं पसरतं. मानमोडीत हिरवी विष्ठा, मान वळणं, मरतूक. या तिन्हींत अंडी एकदम घटतात. तुमच्याकडे संख्या टिकून आहे, टरफलच गेलंय, म्हणून माझा कल आजाराकडे नाही. तरी रंग फिका होताना दिसला तर ग्रिट वाढवत बसू नका. तालुक्याच्या पशुवैद्यकाकडून रक्ताचे नमुने घ्या, पुण्याला औंध येथील रोग अन्वेषण विभागाकडे ते पाठवता येतात. आणि पुढची बॅच घेताना एग ड्रॉप सिंड्रोमची लस १४–१६ आठवड्यांच्या दरम्यान दिली आहे का, ते तलंगा उतरवून घेण्याआधी विचारा.